6.74 की 6.75? तिसऱ्या आकड्याने अडवलेला फॉर्म

"मॅडम, माझा बीएस्सीचा सीजीपीए 6.74 छापून आलाय आणि जाहिरातीत किमान 6.75 मागितलाय. सहा सेमिस्टरची सरासरी मी घरी काढली तर 6.745 येते, म्हणजे राउंड केलं की 6.75 च ना? कॉलेजचे क्लार्क म्हणतात आमच्याकडे पुढचे आकडे सोडून देतात. मी फॉर्ममध्ये 6.75 टाकू का?"

नाही टाकायचं, हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं, कारण फॉर्ममध्ये काय भरलं आणि मार्कशीटवर काय छापलंय हे डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला शेजारी शेजारी ठेवून बघतात, आणि तिथे "मी राउंड केलं होतं सर" हे कुणी ऐकत नाही, उलट खोटी माहिती दिली म्हणून बाहेर काढतात. पण पोरगी गुहागरकडची, पाऊस झेलत दोन एसट्या बदलून चिपळूणला आली होती, नुसतं नाही म्हणून परत कशी पाठवणार. म्हटलं सगळ्या मार्कशीट काढ बाहेर, आणि ते 6.745 तू कशावरून काढलंस ते दाखव.

तिने प्रत्येक सेमिस्टरचा छापलेला एसजीपीए घेतला होता, सहांची बेरीज केली 40.47, भागिले सहा, 6.745. गणित बरोबर, पण ज्या आकड्यांवर ते केलं ते आकडेच आधी कापलेले होते ना! आणि 6.745 राउंड केलं तर 6.75 होतं की 6.74 राहतं यावर तासभर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण हा तिचा खरा सीजीपीए नव्हताच. खरा आकडा काढायचा तर एसजीपीएच्या मागे जावं लागतं.

मागे म्हणजे कुठे, तर प्रत्येक पेपरचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट. 4 क्रेडिटच्या पेपरला बी प्लस असेल तर यूजीसीच्या दहाच्या स्केलवर बी प्लसचे 7, म्हणजे 28 पॉइंट. बऱ्याच मार्कशीटवर हा गुणाकार एका रकान्यात छापलेलाच असतो आणि खाली त्याची बेरीजही असते, पण तिकडे कुणी बघत नाही, सगळ्यांची नजर थेट तळाच्या एसजीपीएवर. हिच्या कोर्सला प्रत्येक सेमिस्टर 22 क्रेडिटचं, सहा मिळून 132. आम्ही दोघींनी बसून सहा सेमिस्टरच्या बेरजा कागदावर उतरवल्या, त्या अशा: 141, 145, 147, 150, 153, 155. पोरगी हळूहळू वर चढत गेलेली, बरं वाटलं बघून. एकूण 891.

आता 891 ला 132 ने भागा. 6.75 येतात. पुढे काही नाही, बरोब्बर 6.75!

म्हणजे राउंड करायचा प्रश्नच नव्हता, तिचा सीजीपीए मुळातच 6.75 होता आणि छापलाय 6.74. मग गेले कुठे? पहिल्या सेमिस्टरला 141 भागिले 22 म्हणजे 6.40909..., छापलं 6.40. चौथ्याचं 6.81818..., छापलं 6.81. सहाव्याचं 7.04545..., छापलं 7.04. बाकीच्या तीन सेमिस्टरला तिसरा आकडा पाचच्या खाली होता, म्हणजे राउंड केलं काय आणि कापलं काय दुसरा आकडा तोच राहतो, पण कापताना मागची शेपटी तिथेही गेलीच. मासळी बाजारात सहा वेळा वजन करायचं आणि दर वेळी वरचे ग्रॅम सोडून द्यायचे, शेवटी टोपलीत कमी भरणारच, तसंच हे. त्यावर कडी म्हणजे अशा कापलेल्या सहा आकड्यांची सरासरी 6.745 आली आणि तिचाही शेवटचा 5 उडवला. सेमिस्टरला कापलं आणि वर शेवटी परत कापलं.

एक्सेलमध्ये फरक एवढाच आहे:

```
=TRUNC(141/22,2)    6.4
=ROUND(141/22,2)    6.41
```

ROUND तिसरा आकडा 5 किंवा त्याहून मोठा असेल तर दुसरा एकाने वाढवतं, TRUNC काही न बघता पुढचं सगळं फेकून देतं. राउंड करताना चूक वर पण जाते आणि खाली पण, त्यामुळे सहा सेमिस्टरमध्ये ती बऱ्यापैकी एकमेकांत जिरते. हिचे सहाही एसजीपीए राउंड केले असते तर बेरीज 40.50 आणि सरासरी परत 6.75 च आली असती, करून बघा. कापताना मात्र चूक कायम एकाच बाजूला जाते, मुलाच्या विरोधात. आणि खरं तर दोन्ही पद्धतींपेक्षा सरळ रस्ता हा की मधल्या पायरीवर काहीच उडवायचं नाही, सगळे पॉइंट भागिले सगळे क्रेडिट करायचं आणि एकदाच, शेवटी, छापताना काय ते राउंड करायचं.

मग पुढे काय केलं. कॉलेज ऑटोनॉमस, म्हणजे परीक्षा विभाग त्यांचाच, मार्कशीट तेच छापतात. (विद्यापीठाचीच मार्कशीट असेल तर हाच अर्ज कॉलेजमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे जातो आणि वेळ बराच जास्त लागतो.) मी तिला म्हटलं आधी कॉलेजचं परीक्षा नियमावलीचं पुस्तक मिळव, त्यात एसजीपीए-सीजीपीएचं कलम बघ. यूजीसीच्या सीबीसीएसच्या गाइडलाइनमध्ये सरळ लिहिलंय की एसजीपीए आणि सीजीपीए दोन दशांशापर्यंत राउंड ऑफ करून ट्रान्सक्रिप्टवर द्यायचे, आणि बहुतेक कॉलेजं तेच वाक्य उचलून आपल्या नियमात घालतात. हिच्या कॉलेजनेही घातलेलं होतं. नियमात राउंड ऑफ आणि सॉफ्टवेअरमध्ये ट्रंकेट, कुणी कधी ताडून बघितलंच नाही. क्लार्क भाऊ काही खोटं बोलत नव्हते, त्यांना स्क्रीनवर दिसतं तेच ते सांगणार.

अर्ज कसा लिहायचा हे महत्त्वाचं आहे, कारण "माझा सीजीपीए वाढवून द्यावा" असं लिहिलं की तो अर्ज ग्रेस मार्क मागणाऱ्यांच्या गठ्ठ्यात जातो. आम्ही विषयच लिहिला "सीजीपीएच्या आकडेमोडीतील दुरुस्ती". खाली सहा ओळींचा तक्ता, सेमिस्टर, क्रेडिट, पॉइंट, आणि शेवटी 891 भागिले 132. नियमाच्या त्या कलमाची झेरॉक्स, सहाही मार्कशीटच्या झेरॉक्स, जाहिरातीचं पान शेवटच्या तारखेवर खूण करून. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, असं बजावून सांगितलं, कारण गणपती तोंडावर आलेले आणि एकदा का सुट्टी लागली की मग ऑफिसात कोण भेटतंय! परीक्षा नियंत्रकांनी तक्ता बघितला, स्वतः कॅल्क्युलेटरवर भागाकार केला आणि दुरुस्त मार्कशीट द्यायला सांगितलं. ती हातात आली तेव्हा फॉर्म अजून उघडा होता, पण थोडक्यातच.

याच्यात एक गोष्ट मला फार उपयोगाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगते. दशांशावर भांडू नका, कटऑफचा पूर्णांक करून घ्या. 6.75 गुणिले 132 म्हणजे 891. म्हणजे जाहिरातीतली अट तुमच्यासाठी एवढीच की 891 पॉइंट आहेत का नाहीत. एक पॉइंट कमी, 890, तर 6.7424..., हे राउंड केलं तरी 6.74 आणि कापलं तरी 6.74. म्हणजे 132 क्रेडिटच्या कोर्सला 6.745 ते 6.75 च्या मधे खरा सीजीपीए कुणाचा असूच शकत नाही, एक पॉइंट हलला की आकडा 0.0076 च्या आसपास उडी मारतो आणि ती पूर्ण फट ओलांडून जातो. तुमच्या कोर्सला क्रेडिट वेगळे असतील तर आकडा वेगळा येईल, एवढंच. आणि हो, सेमिस्टरचे क्रेडिट सारखे नसतील तर एसजीपीएची साधी सरासरी काढूच नका, ती मुळातच चूक. एटीकेटी सुटलेली असेल तर त्या पेपरचा नंतरचा ग्रेड धरा, जुन्या मार्कशीटवरचा नको.

हिचं काम झालं म्हटल्यावर हिच्याच वर्गातला एक मुलगा आला, त्याचंही 6.74, म्हणाला मॅडम मलाही तसाच अर्ज लिहून द्या. बेरीज केली, 890. त्याला तिथेच सांगितलं की बाबा रे, तुझ्या अर्जात दम नाही, तुझं 6.74 हे खरंच 6.74 आहे. तोंड एवढंसं झालं त्याचं. पण त्याच्या सहाव्या सेमिस्टरची रीव्हॅल्युएशनची मुदत संपायची होती आणि एका 2 क्रेडिटच्या पेपरला तो वरच्या ग्रेडपासून दोनच मार्कांनी राहिला होता. ग्रेड एक पायरी चढला तर 2 पॉइंट, म्हणजे 892, म्हणजे 6.7576 आणि मग छापणाऱ्याने कापो की राउंड करो, 6.75 च्या खाली जात नाही. त्याच्यासाठी रस्ता तो होता. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी माग, विषयाच्या सरांना दाखव आणि मगच पैसे भर, असं सांगून पाठवला.

आता दुसरी बाजू, कारण हे वाचून कुणीतरी सगळीकडे राउंड करत सुटेल. मार्कशीट छापणाऱ्याचा नियम वेगळा आणि फॉर्म घेणाऱ्याचा वेगळा. या पोरीच्या जाहिरातीत "मार्कशीटवर छापल्याप्रमाणे सीजीपीए" असं होतं, म्हणून मार्कशीट दुरुस्त झाल्यावर विषय संपला. पण यूजीसी नेटला पोस्ट ग्रॅज्युएशनचे 55 टक्के लागतात आणि तिथे कंसात स्पष्ट लिहिलेलं असतं की राउंड ऑफ न करता, राखीव प्रवर्गांना 50, तेही तसंच. आयबीपीएसच्या बँक भरतीच्या जाहिरातीत तर उदाहरणच देतात की 59.99 टक्के म्हणजे 60 पेक्षा कमीच धरले जातील. नेटला 54.98 वाल्याने कितीही अर्ज केले तरी उपयोग नाही, कारण तिथे कुणाची चूक झालेलीच नसते, अटच तशी आहे.

आणि सीजीपीएवरून टक्के काढायचे असतील तर सूत्र आपल्या विद्यापीठाचं धरायचं, मित्राच्या नाही. इंजिनीअरिंगवाल्यांना एआयसीटीईचा तक्ता पाठ असतो, सीजीपीएतून 0.75 वजा करून दहाने गुणायचं, त्यात 6.75 चे बरोबर 60 टक्के होतात आणि 6.74 चे 59.9. बऱ्याच जाहिरातींत 60 टक्क्यांच्या शेजारी हा 6.75 दिसतो तो याच हिशोबाचा. पण तुमच्या विद्यापीठाचं सूत्र वेगळं असेल तर तेच लागू होतं, आणि त्याचं सर्टिफिकेट परीक्षा विभागातून मिळतं, ते मार्कशीटसोबतच मागून घ्या, दोनदा खेपा घालू नका.