‘ओके, सोमवारपासून या’ म्हणजे फी ठरली का?

प्रश्न: मी एमबीबीएस, एमडी (बालरोग). एमबीबीएसची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे. एमडीचा निकाल लागला, पण ती पदवी अजून कौन्सिलकडे चढवलेली नाही. जवळच्या गावातल्या एका क्लिनिकच्या डॉक्टरांना मी लोकमसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये तात्पुरतं काम करण्यासाठी, व्हॉट्सअॅप केला होता: ‘सर, मी बालरोगतज्ज्ञ आहे. एमएमसी नोंदणी क्रमांक अमुक. लोकमसाठी सोमवार, बुधवार, शुक्रवार उपलब्ध. अपेक्षित फी दिवसाला ६,०००.’ त्यांचं उत्तर आलं, ‘ओके. सोमवारपासून या.’ तीन आठवड्यांत नऊ दिवस ओपीडी केली. आता खात्यात ३१,५०० टाकलेत. म्हणतात, साडेतीन हजारांनीच देतो, व्हाउचरवर सही करा, नाहीतर ‘तज्ज्ञ नसताना तज्ज्ञ म्हणवलंत’ अशी कौन्सिलकडे तक्रार करतो. सही करू का? आणि पुढच्या क्लिनिकला कसं लिहू? – एक महिला डॉक्टर, नाशिक जिल्हा

डॉक्टर, सही करू नका. अशा व्हाउचरवर बहुधा खाली बारीक अक्षरात ‘हिशेब पूर्ण व अंतिम, आता काही येणे नाही’ अशी ओळ असते. करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ज्याचं येणं आहे त्याला कमी रक्कम घेऊन बाकीचं सोडून देता येतं, आणि सोडलेल्याच्या बदल्यात त्याला काही मिळायलाच हवं असंही नाही. त्या ओळीखाली सही केलीत की तुमचे उरलेले २२,५०० रुपये गेले.

नुसते पैसे खात्यात आले म्हणून तुम्ही ते ‘पूर्ण’ म्हणून घेतले असं होत नाही. पण गप्पही राहू नका. त्याच चॅटमध्ये आजच लिहा: ‘सर, ३१,५०० मिळाले. नऊ दिवसांचे ५४,००० होतात. ही रक्कम त्यापैकी जमा धरली आहे, २२,५०० येणे बाकी.’ एवढंच. रागाचा एक शब्द नको, कारण हा मेसेज उद्या कोणीतरी तिसराच माणूस वाचणार आहे. व्हाउचर द्यावंच लागलं, तर आधी छापील ओळ खोडून स्वतःच्या अक्षरात ‘अंशतः मिळाले, बाकी येणे कायम’ असं लिहा आणि मग त्याखाली सही करा.

आता मूळ मुद्दा, फी ठरली होती की नाही. समोरचे डॉक्टर ‘अपेक्षित’ या शब्दाला धरून बसणार. अपेक्षा तुमची होती, मी कुठे कबूल केलं, असं म्हणणार. हा शब्द तुम्ही नम्रतेपोटी लिहिलात हे मला कळतं. सगळेच लिहितात, आणि वकिलांना त्यावरच भांडायला मिळतं. पण तुमचा मेसेज नुसती चौकशी नव्हता. दिवस, काम आणि रक्कम, तिन्ही त्यात होतं. उत्तरात त्यांनी ‘फीचं भेटून बोलू’ किंवा ‘साडेतीन देऊ’ असं लिहिलं असतं, तर ती नवी बोलणी झाली असती आणि तुमची बाजू लंगडी पडली असती. त्यांनी ‘ओके’ लिहिलं आणि तुम्हाला बोलावलं. बिनशर्त होकाराला करार कायद्याचं कलम ७ एवढंच मागतं. शिवाय नऊ दिवस तुमच्याकडून काम करून घेतलं, एकदाही फीचा विषय काढला नाही. करार व्हॉट्सअॅपवर झाला म्हणून तो कच्चा ठरत नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०ए ने ती शंका मिटवली आहे.

समजा न्यायाधीशांना तरीही वाटलं की रक्कम पक्की ठरली नव्हती. तरी काम फुकट जात नाही. फुकटात करण्याचा हेतू नसताना कोणी दुसऱ्यासाठी काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर करार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे वाजवी मोबदला द्यावा लागतो. फक्त मग ‘वाजवी किती’ हा वाद उरतो. तुमच्या आधी त्याच क्लिनिकमध्ये लोकम केलेल्या एखाद्या मित्राला किती मिळाले, हे आत्ताच विचारून ठेवा, लेखी मिळालं तर उत्तम.

तक्रारीच्या धमकीबद्दल मी तुम्हाला गोड बोलणार नाही. इथे तुमची एक चूक आहे. तज्ज्ञ म्हणवण्याचा नियम २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत आहे: त्या शाखेची विशेष पात्रता नसताना डॉक्टरने स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये. (२०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून २००२ चेच चालू आहेत.) तुमच्याकडे पात्रता आहे, परीक्षा उत्तीर्ण झालात. नाही ती फक्त कौन्सिलच्या नोंदवहीत. म्हणजे तुम्ही खोटी पदवी लावलेली नाही. पण कोणी तुमचा नोंदणी क्रमांक टाकून पाहिला, तर समोर फक्त एमबीबीएस दिसतं, आणि तिथून प्रश्न सुरू होतात. त्यामुळे या आठवड्यात अतिरिक्त पात्रतेच्या नोंदणीचा अर्ज करा, पावती जपा, आणि नोंद होईपर्यंत ‘बालरोगतज्ज्ञ’ हा शब्द शिक्क्यावरून, फलकावरून, व्हॉट्सअॅपच्या प्रोफाइलवरूनही काढा.

मात्र या चुकीमुळे तुमची फी बुडत नाही. तुमच्या शब्दांवर विसंबून फसलो म्हणून करार रद्द करायचा, तर करार कायद्याच्या कलम १९ ला एक अपवाद आहे: साध्या काळजीने खरं कळण्यासारखं होतं, तर रद्द करता येत नाही. कौन्सिलची नोंद ऑनलाइन पाहता येते आणि क्रमांक तुम्हीच दिला होता. आणि रद्दच म्हणायचं तर नऊ दिवसांच्या केसपेपरवर क्लिनिकने घेतलेले पैसे कुठे जातात, हाही प्रश्न येतो. ‘तज्ज्ञ नाहीत’ म्हणणाऱ्याने त्याच हाताने साडेतीन हजार रोज का दिले, हे त्यांना सांगता येणार नाही.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रात सापडली नाही आणि ती महत्त्वाची आहे. प्रिस्क्रिप्शन कोणाच्या कागदावर लिहीत होता? लोकमला सर्रास मालकाचं लेटरहेड देतात, कधी तर खाली मालकांची सही आधीच मारलेली असते. नियम असा की प्रिस्क्रिप्शन, प्रमाणपत्र आणि पावती यांवर लिहिणाऱ्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. तुम्ही दुसऱ्याच्या लेटरहेडवर लिहिलंत तरी खाली तुमचं नाव आणि क्रमांक हाताने लिहिला असेल, तर तुम्ही सुरक्षित आहात, आणि तुम्ही तिथे काम केल्याचा पुरावाही तोच. नसेल लिहिला, तर कौन्सिलपुढे ‘बालरोगतज्ज्ञ’पेक्षा हा प्रश्न जड जाईल, आणि तो तुमच्याइतकाच मालकांनाही जाईल. बाहेर ‘लहान मुलांचे डॉक्टर सोम-बुध-शुक्र’ असा फलक त्यांनी लावला होता का, तेही आठवा. लावला असेल, तर तुम्हाला तज्ज्ञ म्हणून त्यांनीच लोकांसमोर आणलं. फलकाचा फोटो असेल तर ठेवा.

पुरावा गोळा करताना केसपेपरचे किंवा ओपीडी रजिस्टरचे फोटो काढू नका. त्यात मुलांची नावं आणि आजार आहेत. गोपनीयता मोडल्याची खरी तक्रार तुमच्यावर होईल आणि फीचा वाद बाजूला पडेल. चॅट, बँकेचा तपशील आणि जायच्या-यायच्या वेळा सांगणारे मेसेज पुरेत. फोन बदलू नका. माझ्याकडे एक पक्षकार स्क्रीनशॉटचे रंगीत प्रिंट घेऊन आले होते, फोन मात्र भाच्याला देऊन टाकलेला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते कशाच्या आधारावर द्यायचं यावर आम्ही दोन तारखा घालवल्या. (करार कायद्याचं कलम ६३ वेगळं, हे वेगळं. आकडा सारखा आहे हा योगायोग.)

वसुलीसाठी आधी नोटीस पाठवा: नऊ तारखा, दर, मिळालेली रक्कम, बाकी, आणि पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टने पाठवा, पोच ठेवा. काम झाल्यापासून दावा दाखल करायला तीन वर्षं आहेत, घाई नाही. ग्राहक आयोगाकडे जाऊ नका, तिथे ग्राहक तुम्ही नाही. कामगार न्यायालयाचाही रस्ता तुमचा नाही. २२,५०० साठी वकिलाची फी भरणं मूर्खपणाचं ठरेल, हे मी वकील असून सांगतो. म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तिथे दाखलपूर्व लोकअदालतीत प्रकरण ठेवायला सांगा. समोरचे आले आणि तडजोड झाली, तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा पक्का, त्यावर अपील नाही. नाही आले, तर तुमचं काही बिघडत नाही, दाव्याचा रस्ता उघडाच राहतो. तक्रारीची धमकी तिथे तडजोडीच्या मजकुरात घुसू देऊ नका. ‘मी एवढे सोडते, तुम्ही तक्रार करू नका’ असं लिहून देणं म्हणजे चूक कबूल करणं.

पुढच्या क्लिनिकला असं लिहा:

‘नमस्कार सर. मी डॉ. (नाव). महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी क्रमांक (क्रमांक), नूतनीकरण (तारीख) पर्यंत वैध. एमबीबीएस नोंदलेली. एमडी बालरोग उत्तीर्ण, अतिरिक्त पात्रतेच्या नोंदणीचा अर्ज (तारीख) रोजी केला आहे. लोकम ओपीडीसाठी सोम, बुध, शुक्र, सकाळी दहा ते दुपारी दोन उपलब्ध. फी दिवसाला ६,००० रुपये, दर शनिवारी बँक खात्यात. कर कापल्यास त्याचा तपशील द्यावा. वेळ वाढल्यास प्रत्येक तासाला १,५००. प्रिस्क्रिप्शनवर माझं नाव व क्रमांक राहील. मान्य असल्यास कृपया रक्कम व पहिला दिवस लिहून कळवावा.’

‘अपेक्षित’ गेलं हे पाहिलंत ना? तासाचा दर सहा हजारांना चार तासांनी भागून काढला आहे, म्हणजे दुपारी दोनच्या पेशंटना साडेतीनपर्यंत थांबून पाहिलं तर आणखी २,२५० चा हिशेब आपोआप होतो. कराची ओळ अशासाठी की व्यावसायिक फीवर दहा टक्के कापले जातात, पण वर्षभरात एका क्लिनिककडून मिळणारी रक्कम ५०,००० च्या वर गेली तरच, आणि मालक वैयक्तिक व्यवसाय करत असतील तर त्यांची मागच्या वर्षीची जमा पन्नास लाखांवर असेल तरच. तुमच्या ५४,००० वर कापायचे झाले असते तर ५,४०० झाले असते, २२,५०० नव्हे. ‘टॅक्स कापला’ असं ते आता म्हणाले, तर आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर तेवढी रक्कम दिसते का ते पाहा.

आणि शेवटच्या ओळीला उत्तर म्हणून नुसता अंगठा आला, तर पहिल्या दिवशी निघायच्या आधी एक ओळ स्वतः पाठवा: ‘ठरल्याप्रमाणे ६,००० रोज, सोमवारपासून येते.’ त्यावर हरकत न घेता त्यांनी दार उघडलं, की ती ओळ तुमच्या कामाला येते.