भजनाच्या पत्रिकेत नाव कोणाचं टाकायचं?

"आमच्या गावात भजनाचा कार्यक्रम आहे. पत्रिका छापायची आहे, मग व्हिडिओ यूट्यूबवर टाकू. प्रत्येक भजनापुढे नाव कोणाचं टाकावं? सरसकट 'पारंपरिक' लिहिलं तर चालते का?"

नाही भाऊ, सरसकट नको. आमच्या मंडळाची पत्रिका बरीच वर्षं मीच लिहितो. एका वर्षी कार्यक्रम संपल्यावर खंजिरी वाजवणारे एक म्हातारे सेवक पत्रिका घेऊन माझ्याजवळ आले. राष्ट्रसंतांच्या भजनापुढे 'संत तुकाराम' छापून आलं होतं. मी हाताने 'तुकडोजी' लिहून दिलं होतं, छापखान्यात अक्षरं लावणाऱ्याने ओळखीचं नाव घातलं, आणि मी प्रूफ न पाहताच छापायला सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "महाराजांचं नाव महाराजांच्याच जिल्ह्यात चुकलं ना." ते मला फार लागलं. तेव्हापासून प्रत्येक रचनेचा शेवटचा चरण वाचल्याशिवाय मी नाव लिहीत नाही.

कारण नाव तिथंच असतं. संत आपली मुद्रा शेवटच्या चरणात घालतात. 'तुका म्हणे' म्हणजे देहूचे तुकाराम महाराज, सतराव्या शतकातले. 'तुकड्या' किंवा 'तुकड्यादास' म्हणजे गुरुकुंज मोझरीचे तुकडोजी महाराज, जन्म 1909, देहावसान 1968. दोघांमध्ये तीनशे वर्षांचं अंतर आहे, पण घाईत वाचणाऱ्याला दोन्ही मुद्रा सारख्याच दिसतात.

'एका जनार्दनी' पाहून लोक कवी म्हणून जनार्दन लिहितात. जनार्दनस्वामी हे एकनाथांचे गुरू, रचना एकनाथांची. 'नामयाची जनी' असेल तर कवी नामदेव नव्हे, जनाबाई. आणि मुद्रा मधल्या चरणात शोधू नका. 'विठो माझा लेकुरवाळा' या अभंगात निवृत्ती, सोपान, ज्ञानेश्वर, मुक्ताई, गोरोबा, चोखोबा, नामदेव सगळे येतात. शेवटी मात्र 'जनी म्हणे' आहे, म्हणून अभंग जनाबाईंचा.

मुद्रेलाही मर्यादा आहे. 'तुका म्हणे' जोडून पुढच्या काळात बऱ्याच रचना झाल्या. 'नामा' ही मुद्राही एकट्या नामदेवांची नाही, विष्णुदास नामा नावाचे कवी नंतर होऊन गेले. म्हणून मुद्रा सापडली की गाथा उघडून अभंग तिथं आहे का ते पाहायचं. असेल तर गाथेची आवृत्ती आणि अभंग क्रमांक दोन्ही लिहा, कारण आवृत्तीगणिक क्रमांक बदलतात आणि नुसत्या क्रमांकाचा वाचणाऱ्याला उपयोग नाही. नसेल तर 'मुद्रा : तुका, गाथेत आढळला नाही' असं लिहा. त्यात कमीपणा नाही. नसलेला पुरावा छापणं मला जास्त वाईट वाटतं.

आता मुद्राच नसेल तर? तिथं खरा घोटाळा होतो. आमच्या यादीत 'इंद्रायणी काठी, देवाची आळंदी' होतं. दोन जणांनी ज्ञानेश्वर सांगितले, एकाने 'पारंपरिक' म्हटलं. ते चित्रपटगीत आहे. 1953 सालचा 'गुळाचा गणपती', गीत ग. दि. माडगूळकर, संगीत पु. ल. देशपांडे, गायक भीमसेन जोशी. 'कानडा राजा पंढरीचा' हेही माडगूळकरांचंच, संगीत सुधीर फडके. भाषा संतांसारखी असली की आपण ते संतांचं समजतो, आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांचं नाव गळून जातं. मुद्रा नसेल आणि रचना रेडिओवरून, कॅसेटवरून पाठ झाली असेल, तर आधी कवी-गीतकार शोधा. 'पारंपरिक' हा शब्द शोध संपल्यावर लिहायचा.

दुसरी गोष्ट चालीची. शब्द संतांचे असले तरी चाल बहुतेक दुसऱ्याची असते. 'माझे माहेर पंढरी' हा एकनाथांचा अभंग आपण भीमसेनजींच्या गळ्यातून ऐकला, पण त्याची चाल राम फाटकांची. लोक भीमसेनजींचं नाव लिहून मोकळे होतात आणि फाटक कुठंच दिसत नाहीत. आमच्याकडे आणखी एक चूक हमखास असते. 'संगीत' या शब्दापुढे पेटी आणि तबला वाजवणाऱ्यांची नावं. ती साथसंगत झाली. 'संगीत' म्हणजे ज्याने चाल बांधली तो. म्हणून मी पत्रिकेत 'संगीत' हा शब्दच टाळतो आणि 'चाल' लिहितो, मंडळातल्या प्रत्येकाला तो कळतो. चाल गावातल्याच बुवांनी बांधली असेल तर त्यांचं नाव जरूर लिहा, ते कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. सिनेमाच्या गाण्यावर भजन बसवलं असेल तर तेही उघड लिहा : 'चाल : अमुक चित्रपटगीतावरून', पुढे मूळ संगीतकाराचं नाव.

'माझे माहेर पंढरी' पत्रिकेत आम्ही असं छापलं :

माझे माहेर पंढरी
रचना : संत एकनाथ
चाल : राम फाटक
मूळ गायन : पं. भीमसेन जोशी

व्हिडिओच्या वर्णनात हेच सगळं घ्या आणि खाली चार ओळी वाढवा : शब्द कुठल्या पुस्तकावरून घेतले, आमचे गायक कोण, साथ कोणाची, ठिकाण आणि तारीख. रचना आणि चाल मात्र पहिल्या दोन ओळींतच ठेवा, कारण मोबाइलवर वर्णन उघडल्याशिवाय बाकीचं दिसत नाही. एकाच व्हिडिओत पाच भजनं असतील तर प्रत्येकापुढे मिनिट-सेकंद टाकून नावं वेगळी द्या. शेवटी एकत्र 'संत तुकाराम, एकनाथ, तुकडोजी' असं लिहिलं, तर कोणतं कोणाचं हे कळत नाही.

बरेच जण समजतात की नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली. तसं नाही. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. तुकाराम, एकनाथ, जनाबाई यांच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही. तुकडोजी महाराज 1968 ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवर 2028 अखेरपर्यंत हक्क आहे. माडगूळकर 1977 ला गेले, त्यांच्या गीतांवर 2037 अखेरपर्यंत. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाण्याला कायद्यात सूट आहे, पण तोच व्हिडिओ कायमचा यूट्यूबवर ठेवणं त्या सुटीत बसेल असं धरून चालू नका. म्हणून हक्काची रचना असेल तर पत्र पाठवून विचारा. आपल्या माणसांनी गायलेली चाल ओळखूनही यूट्यूबवर हक्काचा दावा येऊ शकतो, तो वर्णनात नाव लिहिल्याने उठत नाही. नाव हे वेगळं देणं आहे, ते हक्काची मुदत संपली तरी उरतं.

वेळ कमी असेल तर आधी पत्रिकेचं बघा. व्हिडिओचं वर्णन नंतर कधीही दुरुस्त करता येतं, छापलेला कागद मात्र घराघरात जाऊन बसतो. छापखान्यातून प्रूफ आलं की एकाने नावं मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने वहीतल्या शेवटच्या चरणावर बोट ठेवून जुळवायचं. आमच्या बारा भजनांना अर्धा तास लागतो. एखाद्या चालीचा माग लागलाच नाही, तर 'चाल : मंडळात चालत आलेली, मूळ रचनाकार ठाऊक असल्यास कळवावे' असं छापा आणि खाली मंडळाचा फोन द्या. आमच्याकडे असा फोन एकदा आला, आणि पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत ते नाव छापलं.