क्रिएटिनच्या आधी वही

"मॅडम, जिमला लागून १२ दिवस झालेत. याआधी कधीच व्यायाम केलेला नाही. वजन ५४ किलो. तिथली पोरं म्हणतात, क्रिएटिनशिवाय अंगावर काही चढत नाही. ११०० रुपये बाजूला काढलेत. आत्ताच घेऊ का?"

मी त्याला सांगितलं, दोन-अडीच महिने थांब. क्रिएटिन वाईट आहे म्हणून नव्हे. बाजारातल्या पावडरींमध्ये खरोखर काम करणाऱ्या ज्या थोड्या आहेत, त्यातली ही एक. पण त्या ११०० रुपयांचं त्याच्यासाठी त्याहून मोठं काम शिल्लक होतं.

पोरगा अमळनेरकडचा, जळगावात खोली करून शिकणारा, जेवण मेसचं, घर शाकाहारी. मी दोनच गोष्टी विचारल्या. सोमवारी किती किलो उचललंस? आठवेना. काल काय काय खाल्लंस? ते मात्र आठवलं: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण, संध्याकाळी एक समोसा, रात्री पुन्हा पोळ्या आणि शेवभाजी. कागदावर मांडलं तर दिवसभराची प्रथिनं जेमतेम ४० ग्रॅम. स्नायू वाढवायचे तर किलोमागे साधारण दीड ग्रॅम धरावं लागतं, म्हणजे त्याला ८०-८५ हवी होती. निम्म्या विटाच नसताना गवंडी वाढवून काय उपयोग?

आता क्रिएटिन करतं काय, ते सांगते. आठ-दहा जोरकस उचलींत स्नायू जी झटपट ऊर्जा वापरतो, ती पुन्हा भरायला ते मदत करतं. त्यामुळे सेटच्या शेवटी एखादी उचल जास्त निघते, आणि महिनोन् महिने अशा जास्तीच्या उचली साठल्या की फरक पडतो. पण ज्याला शेवटची उचल कोणती हेच कळत नाही, त्याची ती जास्तीची उचल यायची कुठून? शिवाय पहिल्या काही आठवड्यांत नवख्याची ताकद तशीही भराभर वाढते, कारण मेंदू आणि नसा ती हालचाल शिकत असतात. त्याच वेळी पावडर सुरू केली की सगळं श्रेय डब्याला जातं. वजनही किलो-दीड किलोने वाढतं, पण ते बहुतांशी स्नायूंत धरलेलं पाणी. पोराला वाटतं अंग भरलं, आणि मेसचं ताट तसंच राहतं.

त्या पैशांतून महिनाभर रोजचं अर्धा लिटर दूध आणि सोयाबीनच्या वड्या बसल्या. रोज ५० ग्रॅम वड्या तो खोलीतल्या किटलीत उकळायचा, घट्ट पिळायचा आणि डब्यात घालून मेसमध्ये न्यायचा. शेवभाजीच्या झणझणीत रश्श्यात टाकल्या की पाच मिनिटांत चव धरतात. वड्यांतून २५ ग्रॅम, दुधातून १६, मूठभर शेंगदाण्यांतून ७-८. हिशोब जमला.

व्यायाम आठवड्यातून तीनच दिवस. स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग, खांद्यावरून वर ढकलणं, प्रत्येकी तीन सेट, ८ ते १० उचली. तिन्ही सेटमध्ये १० निघाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे. सगळं वहीत लिहायचं. तिसऱ्या आठवड्यात वही बघितली तर बेंच प्रेस एकाच आकड्यावर अडकलेली. त्याच दिवसांपुढे लिहिलं होतं, "रात्री २ ला झोपलो." झोप सुधारली तसा आकडा हलला.

दहा आठवड्यांनी स्क्वॉट रिकाम्या २० किलोच्या रॉडवरून ४५ वर आणि वजन ५६.५ वर आलं होतं. मग मीच म्हटलं, आता घे. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ग्रॅम, कुठल्याही वेळी. सुरुवातीला दिवसाला २० ग्रॅमचा मारा करायची गरज नाही. रोज ३ ग्रॅमनेही महिनाभरात स्नायू तेवढेच भरतात. क्रिएटिन जेवणातून येतं ते मुख्यतः मांस-मासळीतून. त्यामुळे शाकाहाऱ्यांच्या स्नायूंत साठा कमी असतो आणि त्यांना फरक बहुधा जास्त जाणवतो. पैशांची ओढाताण नसती आणि ताट-वही आधीच नीट असती, तर पहिल्या दिवसापासूनही मी नको म्हटलं नसतं.

आईचा फोन आला, "पोऱ्याची किडनी तर नाही ना जायची?" निरोगी माणसाला एवढ्या मात्रेत तसा धोका दिसलेला नाही. मात्र क्रिएटिन शरीरात मोडून क्रिएटिनिनच तयार होतं, त्यामुळे किडनीसाठीच्या रक्ततपासणीत तो आकडा थोडा वर दिसू शकतो. डॉक्टरांना आपण पावडर घेतो हे आधी सांगायचं. किडनीचा आजार आधीपासून असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय घ्यायचंच नाही. मी आईंना घरात कुणाला असा त्रास आहे का विचारलं, नव्हता. तरी त्याची एक तपासणी आधी करून घेतली आणि तो कागद वहीच्या पहिल्या पानाला टाचला.

क्रिएटिन सुरू केल्यावर पाचव्या आठवड्यात त्याने वही पुढे सरकवली. बेंच प्रेस ३५ किलो, तिसऱ्या सेटच्या उचली, एकेका दिवसाच्या: ८, ८, ९, १०.