हक्काचं वेगळं, सहीचं वेगळं

पोरी,

काल ओटीवर कंपनीने दिलेला नोकरी सोडण्याच्या कराराचा तो सात पानी कागद पुढे केलास आणि "काका, अडीच लाख देतायत, सही करू ना?" एवढंच विचारलंस. पागोळ्यांच्या आवाजात मी काहीतरी "हूं" म्हटलं असेन. रात्री वीज गेली, तेव्हा बॅटरी लावून सगळा वाचला. आता लिहितो.

अडीच लाख देत नाहीयेत. पाचव्या कलमात "सर्व देण्यांसह एकरकमी 2,50,000" असं आहे. त्या "सर्व देण्यांसह"मध्ये तुझेच पैसे तुला बक्षीस म्हणून मिळतायत. हिशेब कर. मूळ पगार 26,000. नोकरी सहा वर्षं आठ महिने. वरचे महिने सहाच्या पुढे गेले की पुरं वर्ष धरतात, म्हणून सात. महिना 26 दिवसांचा धरून पंधरा दिवसांचे झाले 15,000, साता वर्षांची ग्रॅच्युइटी 1,05,000. शिल्लक रजा 18 दिवस, तुमच्या नियमाने 18,000. नोटिशीच्या महिन्याचा पूर्ण पगार 40,000. एकूण 1,63,000. हे तुला नुसतं काढलं असतं तरी द्यावंच लागलं असतं. राहिले 87,000. तुझ्या सहीची, गप्प राहण्याची आणि पुढे दावा न लावण्याची किंमत तेवढीच.

ती तुला पुरेशी वाटेलही. पण सौदा 87,000 चा आहे हे कळून कर. हक्काचं एका ओळीत, सहीचं दुसऱ्या ओळीत. शिवाय ग्रॅच्युइटीला ठरावीक मर्यादेपर्यंत आयकर नाही, सहीच्या पैशाला आहे. एकाच आकड्यात कोंबलं तर कर कापणारा सगळ्यावरच कापून मोकळा होईल.

लोट्याच्या एमआयडीसीत बावीस वर्षं मी हेच कागद करायचो. रिअ‍ॅक्टरवरचा एक ऑपरेटर, एकोणीस वर्षांची नोकरी. खिशात चष्मा चाचपला, मिळाला नाही, म्हणाला, "साहेब, तुम्हीच वाचून दाखवा." मी आकडा वाचला. आधीचे दोन शब्द वाचले नाहीत, आणि ते मीच लिहिले होते. मजकूर वरून ठरून आला होता, माझी पोरं शिकत होती, खोटं तर मी काही वाचलं नव्हतं. असं मी अजून स्वतःला सांगतो. तुला काय वाटायचं ते वाटू दे, पण ओळी वेगळ्या करून घे.

आता तिसरं कलम : "कर्मचाऱ्याने स्वेच्छेने राजीनामा दिला आहे." दिलायस? मग लिहू का देतेस? राजीनामा म्हटला की नोटीस तू द्यायची ठरते आणि तेच 40,000 उलटे तुझ्याकडून कापता येतात. उद्या नोकरीवरून काढल्याविरुद्ध दाद मागायला गेलीस तर तुझंच वाक्य तुझ्यापुढे धरतील. "स्वेच्छेने" हा शब्द ते सोडणार नाहीत, मीही सोडला नसता. त्यावर भांडू नकोस, त्याला जोडून घाल : "कंपनीच्या प्रस्तावावरून, दोन्ही पक्षांच्या संमतीने सेवा संपत आहे, नोटिशीचा काळ माफ असून त्याचा पगार कंपनी देईल." आणि त्या एचआरच्या बाईंनी वेगळा राजीनामा मेल करायला सांगितलाय, तो अजिबात पाठवू नकोस. पैसे जमा होण्याआधी तो गेला की करार बाजूला राहतो, राजीनामा तेवढा हातात राहतो त्यांच्या.

गुप्ततेचं कलम म्हणतं, रक्कम कोणालाही सांगायची नाही. कोणालाही म्हणजे आईलाही, कर सल्लागारालाही. सही व्हायच्या आधी मला दाखवलास म्हणून बरं. घरचे, वकील, कर सल्लागार आणि सरकारी अधिकारी यांना वगळून घे.

बदनामी न करण्याचं कलम तर एकतर्फीच आहे. तू कंपनीविषयी वाईट बोलायचं नाही, पण प्लांट हेडने तुझ्याविषयी काय बोलावं यावर शब्द नाही. इथे खेर्डीपासून लोट्यापर्यंत एचआरवाले एकमेकांना फोन करतात, मी स्वतः केलेत. सगळ्या कंपनीच्या तोंडाला कुलूप लावता येत नाही, म्हणून प्लांट हेड आणि एचआर प्रमुख हे दोघे तरी बांधून घे, आणि कोणी चौकशी केली तर फक्त पद आणि तारखा सांगायच्या असं लिहून घे. तू लॅबमध्ये होतीस. उद्या प्रदूषण मंडळाने किंवा कोर्टाने विचारलं तर खरं सांगणं ही बदनामी धरली जाणार नाही, हेही त्याच कलमात हवं.

उद्या सकाळी बाईंना मेल कर : "रकमेचा तपशील बाबवार द्यावा, मग सहीचं बोलू." "आजच सही हवी" म्हणतील. पाऊस आहे, खेडची एसटी चुकली म्हण. नवा मसुदा आला की घेऊन ये. चष्मा मी जवळच ठेवतो.

— काका