कापडावरचा डाग तरी दाखवायचे

"मॅडम, पैसे कापले त्याचं एवढं नाही. पण माझं काय चुकलं ते सांगायला तिथं एक माणूस नाही. कुणाशी बोलायचं?"

मी समुपदेशक. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या पोरांकडून हे इतक्यांदा ऐकलं, की त्यातल्या एकाची गोष्ट लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय सव्वीस, वडील यंत्रमाग कामगार. रेटिंग ४.७ वरून ४.४ वर आलं आणि पाठोपाठ १८० रुपये कापले गेले. ॲपवर विचारलं की दरवेळी तेच छापील उत्तर. मग कारणं त्यानंच शोधली. दंड पडला त्या दिवशी अंगात काळा शर्ट होता, म्हणून तो बंद केला. गिऱ्हाइकाच्या दारात हात जोडून पाच स्टार मागू लागला. रात्री दोनला उठून रेटिंग बघायचा.

"चूक तुझीच, हे कशावरून?"

"उगाच कोण कापंल, मॅडम?"

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानते. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, हे मी शेकडो जणांना समजावलं आहे. पण इथं घटनाच अन्यायाची होती. नुसता 'विचार बदल' म्हणणं मला पटेना. म्हणून मी त्याला वही ठेवायला लावली. हॉटेलवर कधी पोचलो, पार्सल हातात कधी आलं, दारात कधी पोचलो. हॉटेलनं उशीर केला किंवा गिऱ्हाइकानं फोन उचलला नाही, तर ऑर्डर बंद करण्याआधीच स्क्रीनशॉट. शेवटच्या रकान्यात कारण: माझं, दुसऱ्याचं किंवा 'माहीत नाही'.

तीन आठवड्यांत तीन दंड पडले. एकदा रस्सा सांडला होता, पिशवी आडवी ठेवल्यानं. ते त्यानं सरळ 'माझं' लिहिलं. जुळे सोलापुरात पत्ता चुकीचा होता. न उचललेल्या फोनचे स्क्रीनशॉट पाठवल्यावर ते पैसे परत आले. तिसऱ्यापुढं मात्र रकाना कोरा.

"काय लिहू?"

"तुला काय माहीत आहे?"

बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "अण्णांची मजुरी कापायचे तवा कापडावरचा डाग तरी दाखवायचे. मला डागच दाखवला नाही, तर माझा कसा म्हणू?" आणि त्यानं 'माहीत नाही' लिहिलं.

हे दोन शब्द लिहिता येणं हाच उपचार होता, असं मी आज ठामपणे म्हणते. कारण न सांगता शिक्षा झाली, की मन ती कोरी जागा स्वतःच्या दोषानं भरतं. ती कोरी ठेवायला शिकवावं लागतं.

वहीमुळं तिसरा दंड परत मिळाला नाही, मिळणारही नव्हता. त्यासाठी कायदाच लागतो. शेजारच्या कर्नाटकानं २०२५ मध्ये तो केला: कामावरून काढण्याआधी लेखी कारण आणि चौदा दिवसांची नोटीस. हे सांगितल्यावर त्यानं विचारलं, "आपल्याकडं कधी?" त्या रकान्यात मलाही 'माहीत नाही'च लिहावं लागलं.

पुढच्या भेटीला तो काळा शर्ट घालून आला.