फोनच्या बॅटरीची तुलना: आधी उजेड जुळवा

दोन फोनची बॅटरी टेस्ट व्हिडिओत दाखवायचीय. दोन्हीकडे ब्राइटनेस ५०% ठेवला तर चालेल ना?

नाही, स्लायडरवरचे ५०% प्रत्येक फोनवर वेगळा उजेड देतात. ऑटो-ब्राइटनेस बंद करा, दोन्हींवर पूर्ण पांढरं चित्र लावा आणि अंधाऱ्या खोलीत उजेड मोजणारा लक्समीटर सारख्याच अंतरावर धरून आकडा जुळेपर्यंत स्लायडर हलवा. मग एकच डाउनलोड केलेला व्हिडिओ विमान मोडवर १००% पासून फोन बंद पडेपर्यंत चालवा, तीनदा. (कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.) एकाच फोनच्या फेऱ्यांत १५ मिनिटांचा फरक पडत असेल, तर दोन फोनमधल्या १० मिनिटांवरून विजेता ठरवू नका. हा निकाल फक्त व्हिडिओ पाहण्यापुरता. कमकुवत रेंजमध्ये मोबाइल डेटावर क्रम उलटूही शकतो.