डेडबँडला ‘मृतपट्टा’ म्हणावं का?

प्रश्न: ‘मी बडोद्यात मकरपुऱ्याला कॅलिब्रेशनचं काम करते. खानदेशातून आलेल्या नव्या मुलांसाठी प्रेशर स्विचच्या तपासणीचं टिपण मराठीत लिहितेय. डेडबँडला मृतपट्टा आणि रिसेटला पुनर्स्थापना लिहिलं तर चालेल का? सेटपॉइंटला काय म्हणू?’

मृतपट्टा नको, आणि पुनर्स्थापना तर मुळीच नको. या दुसऱ्या शब्दाच्या गोंधळातून एक स्विच चुकीच्या दाबावर लागलेला मी स्वतः पाहिला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

बडोद्याजवळच्या एका कारखान्यात मोठ्या पंपाच्या बेअरिंगला तेल पुरवणारी लाइन होती. तेलाचा दाब उतरत ०.८० किलोपर्यंत आला की पंप बंद पडावा, यासाठी तिच्यावर एक स्विच होता. (किलो म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात तसं, किलो प्रति चौरस सेंटिमीटर.) तपासणीला एक नवा मुलगा गेला. त्याने हातपंप जोडला, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला आणि शून्यापासून दाब चढवत नेला. बीप वाजला १.१० ला. कागदावर सेटपॉइंट ०.८० लिहिलेला, म्हणून स्विच सरकला आहे असं त्याने धरलं आणि बीप बरोबर ०.८० ला येईपर्यंत स्क्रू फिरवला. अहवालात ‘ठीक’ लिहून तो परत आला. दाब उतरवून त्याने पाहिलंच नाही. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, ‘रिसेट म्हणजे परत सेट करणं, ते तर मी केलं.’

सहा महिन्यांनी नियोजित बंदच्या वेळी तोच स्विच माझ्या हातात आला. मी दाब चढवला, बीप ०.८० ला आला. मग हळूहळू उतरवत गेलो. ०.८० गेलं, ०.७० गेलं, बीप चालूच. तो थांबला ०.५० ला. म्हणजे तेलाचा दाब ०.५० पर्यंत घसरेपर्यंत पंप बंद पडलाच नसता. स्विच मुळात निर्दोष होता. पहिल्या दिवशी १.१० ला वाजलेला बीप हा त्याचा परतीचा दाब होता, आणि मुलाने तोच सेटपॉइंट समजून खाली ओढला. दोन दाबांमधलं ०.३० चं अंतर तसंच राहिलं आणि अख्खी जोडी खाली सरकली.

आता शब्दांकडे येऊ. प्रेशर स्विचच्या संदर्भात रिसेट हे क्रियापद नाही, तो एक दाब आहे. स्विच एकदा पलटला की तो ज्या दाबाला आपोआप मूळ स्थितीत येतो, तो दाब. यासाठी मी ‘परतीचा दाब’ म्हणतो. आपण परतीचा पाऊस म्हणतो, परतीची गाडी म्हणतो, तसाच हा. ऐकणाऱ्याला कुणी काही करायचं आहे असं वाटत नाही. काहीतरी आपल्या वाटेने परत येतंय एवढंच वाटतं, आणि स्विचमध्ये नेमकं तेच घडतं. ‘पुनर्स्थापना’ म्हटलं की कुणीतरी काहीतरी पुन्हा बसवतंय असं चित्र उभं राहतं, आणि मुलांचा हात स्क्रूकडे जातो.

‘परतदाब’ असा जोडशब्द मात्र करू नका. लाइनमध्ये पुढच्या बाजूने उलट येणाऱ्या दाबाशी त्याची गल्लत होईल.

सेटपॉइंटला तुम्ही सेटपॉइंटच म्हणा. तो शब्द कामावर सगळ्यांच्या तोंडात आहे. पण तो कधीही एकटा लिहू नका, त्याच्या पुढे ‘चढता’ किंवा ‘उतरता’ हवंच. ‘सेटपॉइंट ०.८० उतरता’. एवढा एक शब्द त्या कागदावर असता तर त्या मुलाने बीप कुठे थांबतो हे पाहिलं असतं, कुठे सुरू होतो ते नव्हे. दाब वाढला की बंद करणाऱ्या स्विचचा सेटपॉइंट चढता आणि परतीचा दाब उतरता. दाब घटला की बंद करणाऱ्याचं बरोबर उलट. आणि दाबच लिहा, दबाव नको. दबाव माणसावर येतो. आजूबाजूला गुजरातीत दबाण ऐकून ऐकून आपल्याही लेखणीत ते येतं, पण गुजरातीत दबाण म्हणजे रस्त्यावरचं अतिक्रमणसुद्धा!

डेडबँडचा प्रश्न मला जास्त आवडला. इंग्रजी शब्दातलं डेड हे ‘मेलेलं’ या अर्थाने नाही, ‘प्रतिसाद न देणारं’ या अर्थाने आहे. आपल्या स्विचवर दाब ०.८० आणि १.१० यांच्या मध्ये कितीही हलवा, संपर्क बदलत नाही. पण तो मेलेला नसतो, हे हातपंपावर अगदी सोप्या प्रयोगाने दाखवता येतं. शून्यापासून चढवत ०.९५ ला थांबा, मल्टिमीटर गप्प असतो. तसंच वर १.२० पर्यंत जा आणि उतरत पुन्हा ०.९५ ला या, आता बीप वाजत असतो. दाब तोच, उत्तर वेगळं. संपर्क शेवटी कुठल्या बाजूने आला ते धरून ठेवतो. हे मेलेल्याचं लक्षण नाही.

याला मराठीत तयार शब्द आहे: बधिर. मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो. तो जिवंत असतो, आहे तसा असतो, फक्त स्पर्शाला ओ देत नाही. म्हणून ‘बधिर पट्टा’. निष्क्रिय पट्टा किंवा मृतपट्टा म्हटलं की मुलांना वाटतं या मधल्या भागात स्विच काम करत नाही, म्हणजे तो दोष आहे आणि शक्य तितका कमी करायला हवा. हा पट्टा मुद्दाम ठेवलेला असतो. पंपाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दाब थोडा वरखाली होतो. पट्टा नसता तर सेटपॉइंटच्या आसपास संपर्क फडफडत राहिला असता आणि पुढचा रिले कटकट करत बसला असता. आकडा लिहिताना मात्र ही रुंदी आहे, जागा नाही, हे लक्षात ठेवा. ‘बधिर पट्टा ०.३०’ म्हणजे १.१० वजा ०.८०. कंप्रेसरवाले याला नुसतं ‘फरक’ म्हणतात. रकान्यात तेवढं लिहिलंत तरी चालेल.

पुष्कळ स्विचमध्ये हा फरक आतल्या मायक्रोस्विचने आणि दाब घेणाऱ्या भागाने ठरलेला असतो, बदलता येत नाही. स्क्रू फिरवला की दोन्ही टोकं एकत्र सरकतात. वर सांगितलेली चूक त्यामुळेच झाली. काहींना फरकासाठी दुसरा स्क्रू असतो, तिथे एक लावला की दुसरा आकडा पुन्हा पाहावा लागतो.

आता टिपणात कृती कशी मांडाल ते सांगतो, कारण शब्द तिथेच पक्के होतात. आधी कंट्रोल रूमला सांगून इंटरलॉक बायपास करायचा, मग लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून अडकलेला दाब सोडायचा. स्विचच्या तारा काढायच्या, कारण जिवंत सर्किटवर कंटिन्युइटी मोजायची नसते. मल्टिमीटर कॉमन आणि नॉर्मली ओपन या टोकांवर. इथे मुलं हमखास अडखळतात: नॉर्मली म्हणजे चालू कारखान्यात नव्हे, स्विच दाबाविना टेबलावर पडलेला असताना. कारखाना चालू असताना आपल्या तेलाच्या स्विचची हीच टोकं जोडलेली असतात, आणि दाब उतरला की सुटतात. म्हणून या स्विचचा सेटपॉइंट म्हणजे बीप थांबण्याचा क्षण. शांततेकडे कान ठेवायचा, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

हातपंपाने १.१० च्या बराच वर, १.५० पर्यंत चढवा आणि क्षणभर थांबा. दाबलेली हवा तापते आणि निवताना दाब थोडा उतरतो, म्हणून काटा स्थिरावू द्या. स्थिरावल्यावरही उतरतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग हातपंपाच्या बारीक स्क्रूने उतरवा, शेवटचा टप्पा अगदी सावकाश. घाई केली तर बीप थांबल्याचं कळेपर्यंत काटा पुढे गेलेला असतो आणि सेटपॉइंट आहे त्यापेक्षा खाली लिहिला जातो. तिथून तसंच सावकाश चढवत बीप पुन्हा कधी येतो ते पाहा. असं तीनदा. त्या स्विचला मी मूळ जागी आणल्यावर उतरताना ०.८०, ०.७९, ०.८१ आलं आणि चढताना १.१०, १.०९, १.११. स्क्रू फिरवण्याआधीचे आकडेही असेच एकमेकांच्या जवळ नसते तर मी स्क्रूला हात लावला नसता. विखुरलेल्या आकड्यांना स्क्रू नव्हे, बदली लागते.

गेज निवडताना काळजी घ्या. शून्य ते दहा किलोचा, पूर्ण मापाच्या एक टक्का अचूकतेचा गेज ०.१० इतका चुकू शकतो, म्हणजे आपल्या बधिर पट्ट्याचा एक तृतीयांश. शून्य ते दोन किलोचा डिजिटल गेज घ्या.

आणि अहवालात दोन ओळी ठेवा: ‘आढळलं ते’ आणि ‘ठेवलं ते’. स्क्रूला हात लावण्यापूर्वीचे आकडे पहिल्या ओळीत. सहा महिन्यांपूर्वीच्या त्या अहवालात ही पहिली ओळ असती आणि तिच्यात ‘उतरता’चा रकाना रिकामा दिसला असता, तर तो कागद मीच परत पाठवला असता.

रिसेट हा शब्द एका जागी मात्र तसाच राहू द्या. काही स्विचवर पलटल्यानंतर संपर्क आपोआप परत येत नाही, बटण दाबावं लागतं. त्या बटणाला रिसेटच म्हणा. तिथे खरंच कुणीतरी काहीतरी करायचं असतं, आणि अशा स्विचच्या अहवालात परतीच्या दाबाचा रकाना भरायचाच नसतो.